वाचन गटातला ‘पुढे गेलेला’ साधक: परंपरेने अशांना कसं हाताळलं?

ओवीवाचक

आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी ज्ञानेश्वरीचं वाचन असतं. पंधरा-वीस जण जमतो. कुणी एक जण ओव्या वाचतो, मग अर्थावर बोलणं होतं, शेवटी पसायदान. बरीच वर्षं हे छान चाललं होतं.

गटातले एक काका गेल्या वर्षी दीर्घ अनुष्ठान करून आले. त्यात त्यांना काही अनुभव आले, प्रकाश दिसला, देहभान गेलं, असं ते सांगतात. मला त्यावर शंका घ्यायची नाही. माणूस पहाटे चारला उठतो, नेम चुकवत नाही, व्यसन नाही. पण आल्यापासून ते बदललेत. कुणी ओवीचा अर्थ सांगायला लागलं की डोळे मिटून मान हलवतात आणि म्हणतात, “हे शब्दांनी कळायचं नाही.” कोण कुठल्या पायरीवर आहे हे ते सगळ्यांसमोर सांगतात. नवीन येणारे त्यांच्या पाया पडतात आणि ते डोक्यावर हात ठेवतात. पूर्वी हेच काका वाकणाऱ्याला अर्ध्यात धरून स्वतः वाकायचे.

गेल्या महिन्यात एक ताई वाचताना रडल्या. त्यांचे यजमान नुकतेच गेलेत. काका म्हणाले, “साधना कच्ची आहे म्हणून रडू येतं.” त्या ताई पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्यासोबत येणाऱ्या मैत्रिणीनेही येणं बंद केलं.

शेकडो वर्षांच्या परंपरेत हा प्रकार पहिल्यांदा घडत असेल असं वाटत नाही. अशा माणसाला परंपरेने कसं ओळखलं आणि काय केलं? काकांचा अपमान करायचा नाही, पण गट मोडू द्यायचा नाही. जाणकारांनी सांगावं.

शुभंकरोति

ताई, अहंकार सगळ्यांनाच असतो. मला भजनात लोकांनी वाहवा केली की छाती फुगते आणि नंतर वाईट वाटतं. यावर रोज कोणतं स्तोत्र म्हणावं? सकाळी म्हणावं की झोपताना?

ओवीवाचक

दादा, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, पण माझा थोडा वेगळा आहे. गाण्याचं कौतुक झालं की बरं वाटणं वेगळं. इथे साधनेचाच अभिमान झालाय आणि तो दुसऱ्यांना लागतोय.

टाळकरी

मी मराठवाड्यातला, घरात चार पिढ्यांची वारी. ताई, तुम्ही लिहिलंय की काका पूर्वी समोरच्याला अर्ध्यात धरून स्वतः वाकायचे आणि आता वाकत नाहीत. तुम्ही ते जाताजाता लिहिलंय, पण वारकऱ्याच्या नजरेत दुखणं तिथेच आहे. आमच्याकडे या विषयावरची सगळ्यात मोठी गोष्ट नेमकी न वाकण्यापासून सुरू होते.

नामदेव महाराज ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना भेटले तेव्हाचा प्रसंग. निवृत्तीनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव नामदेवांच्या पाया पडले. नामदेव मात्र उलट वाकले नाहीत. त्यांच्या मनात होतं की मी रोज विठ्ठलाशी बोलतो, माझ्या हातचा नैवेद्य देव खातो, मी कुणापुढे का वाकू? हे मुक्ताबाईंनी हेरलं आणि तोंडावर म्हणाल्या, “अखंड जयाला देवाचा शेजार । कां रे अहंकार नाहीं गेला ॥”

नामदेवांना देवाचा शेजार खरोखरच होता, हे मुक्ताबाई नाकारत नाहीत. अनुभव खोटा, असं त्या कुठेच म्हणत नाहीत. शेजार खरा आणि अहंकारही खरा, दोन्ही एकाच घरात नांदतात. म्हणून तुमच्या काकांना प्रकाश दिसला की नाही, या वादात पडूच नका. त्याने काहीच ठरत नाही.

पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे, पण लोक घाईने सांगतात. संतमंडळी जमली होती. कथेत हे बहुधा गोरोबाकाकांच्या घरी, तेरला घडतं. मुक्ताबाईंनी कुंभाराचं लाकडी थापटणं पाहून विचारलं, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मुक्ताबाई म्हणाल्या, मग आम्हीही मातीचीच मडकी, पाहा आमचीही परीक्षा. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. निवृत्तीनाथ, ज्ञानदेव, सगळे गप्प बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तसे ते चिडले. ही काय रीत झाली पाहुण्यांशी वागायची? गोरोबा म्हणाले, एवढं एक मडकं कच्चं आहे.

गोरोबांनी नामदेवांना कुठला अभंग विचारला नाही, कुठली समाधी लागते ते विचारलं नाही. थापटणं सगळ्यांना सारखंच बसलं. नामदेवांना लागलं ते थापटणं नव्हे, इतरांसारखीच आपलीही परीक्षा घेतली गेली हे लागलं. “मलाही?” हा प्रश्न ज्याच्या मनात येतो तो कच्चा. काकांना उद्या कुणी सांगितलं की आज तुम्ही चहाचे कप विसळा, तर त्यांच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघा.

आवा

टाळकरी दादा, छान लिहिलंत. मी कुंभाराच्या घरातली. या गोष्टीबद्दल लहानपणापासून आजोबांकडून ऐकत आलेय ते सांगते. कीर्तनात बहुतेक बुवा हे चुकीचं सांगतात.

भाजलेलं मडकं थापटण्याने तपासत नाहीत. भाजलेल्या मडक्याला बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. नीट न भाजलेलं मडकं वरून लालच दिसतं, पण नखाने खरवडलं की भुकटी निघते.

थापटणं कच्च्या मडक्यासाठीच असतं. चाकावरून उतरवलेलं मडकं बुडाला जाड असतं. ते जरा सुकू द्यायचं, इतकं की बोट रुतणार नाही पण माती अजून ऐकेल. मग डाव्या हाताने आतून गुंडा, म्हणजे गोल दगड, धरायचा आणि उजव्या हाताने बाहेरून थापटायचं. एकेक ठोका आतल्या गुंड्याच्या नेमका समोर पडला पाहिजे. तसं फिरवत फिरवत ठोकत गेलं की बूड गोल होतं, भिंत पातळ आणि घट्ट होते. आत हात नसताना नुसतं बाहेरून मारलं तर मडकं चेपतं.

म्हणून गोरोबाकाका कुंभार होते हे लक्षात घेतलं तर “कच्चं” म्हणजे टाकाऊ नव्हे. कच्च्यालाच आकार देता येतो. बिघडलंच तर भिजवून त्याची परत माती करता येते. भाजलेल्याची होत नाही. आजोबा म्हणायचे, नामदेवाचं नशीब की तो आव्यात, म्हणजे भट्टीत, जायच्या आधी गोरोबाच्या हाती लागला.

टाळकरी

ताई, हे मला माहीत नव्हतं. आतून हात धरल्याशिवाय बाहेरून मारू नये, हे तर मला फार पटलं. पुढच्या गोष्टीत तेच आहे.

नामदेव रुसून विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलाने त्यांची बाजू घेतली नाही आणि हाकलूनही दिलं नाही. म्हणाला, विसोबा खेचरांकडे जा. नामदेव औंढा नागनाथला पोचले, तर विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेले. नामदेव ओरडले, पाय काढा. विसोबा म्हणाले, मी म्हातारा झालो रे, पाय उचलवत नाहीत. जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे लिंग दिसू लागलं.

यात विसोबांनी नामदेवांचा अपमान केलेला नाही. “देव माझ्या पंढरपुरात, माझ्याशी बोलतो” ही त्यांची मालकी सुटली, इतकंच. आणि शेवट काय? पंढरपुरात महाद्वारातली पायरी नामदेवांची. डोक्यावर थापटणं बसलं म्हणून चिडलेला माणूस, त्याने पुढे येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय आपल्या डोक्यावर लागावेत म्हणून ती जागा मागून घेतली.

रानवाट

सगळं ठीक आहे, पण मूळ कारण सिद्धी. साधनेत सिद्धी येतात आणि माणूस तिथेच अडकतो. पतंजलींनी योगसूत्रात स्पष्ट लिहिलंय की सिद्धी हे समाधीतले अडथळे आहेत. चांगदेवाचं बघा, वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन आला आणि ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. मग त्याने शरण येऊन चांगदेव पासष्टी लिहिली. तुमच्या काकांनाही कुणीतरी मोठा चमत्कार दाखवल्याशिवाय ते जमिनीवर येणार नाहीत.

टाळकरी

रानवाट, पतंजलींचं बरोबर आहे. तिथे आणखी एक सूत्र आहे. वरच्या स्थानांवरच्या देवतांनी आदराने बोलावलं तरी आसक्ती धरू नये आणि ‘स्मय’ही धरू नये. स्मय म्हणजे तेच, “बघा, मला बोलावलं” याचं सुख. पण अडकायला सिद्धीच लागते असं नाही. काकांना कुठे हवेत उडता येतंय? डोळ्यांसमोर थोडा उजेड आणि चार जणांचे नमस्कार एवढं पुरतं.

पासष्टी चांगदेवांनी लिहिलेली नाही. ती ज्ञानदेवांनी चांगदेवांना लिहिली, पासष्ट ओव्यांचं पत्रोत्तर. ती का लिहावी लागली ते या धाग्यासाठी भिंतीपेक्षा महत्त्वाचं. चांगदेव पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अडले. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर समोरचा ज्ञानाने मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर हे पोर. कथेप्रमाणे चौदाशे वर्षं जगलेला योगी, पण आपण वर की खाली हे ठरेना म्हणून कोरा कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाल्या, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. उत्तरात ज्ञानदेवांनी त्यांना झोडपलेलं नाही. तू आणि मी असे दोन नाहीतच, तर वर कोण आणि खाली कोण, याच दिशेने ते पत्र जातं. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताबाईंना, म्हणजे भावंडांत सगळ्यात धाकटीला. पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे, जमलं तर जाऊन या.

दीक्षाभूमीकर

मी नागपूरचा, बौद्ध. वारकरी परंपरेबद्दल मला इतकं माहीत नाही, पण हाच प्रश्न विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, अगदी कायद्याच्या पातळीवर हाताळलाय, म्हणून लिहितो.

वज्जी देशात दुष्काळ होता. वग्गुमुदा नदीकाठी राहणाऱ्या काही भिक्खूंनी युक्ती काढली. गावकऱ्यांसमोर एकमेकांची स्तुती करायची: हा भिक्खू अमुक ध्यानाला पोचलाय, तो अर्हत आहे. लोक स्वतः उपाशी राहून यांना वाढू लागले. वर्षावास संपल्यावर सगळे भिक्खू बुद्धांना भेटायला आले. बाकीचे हाडकुळे, हे गुबगुबीत. बुद्धांनी विचारलं आणि खरं कळल्यावर म्हणाले, सर्वांत मोठा चोर हा. न मिळालेली अवस्था मिळाली म्हणून सांगणं हा चौथा पाराजिक ठरला. म्हणजे संघातून कायमचं बाहेर. त्याच यादीत माणसाचा खून आहे, यावरून गांभीर्य समजा.

पण लगेच एक अपवादही आला, आणि मला तो फार करुणेचा वाटतो. काही भिक्खूंनी प्रामाणिक गैरसमजातून “मी पोचलो” असं जाहीर केलं होतं. पुढे त्यांच्या मनात पुन्हा वासना उठली, तेव्हा ते घाबरले: आपण पाराजिक झालो का? बुद्धांचे शिष्य आनंद यांनी हे बुद्धांना सांगितलं. बुद्धांनी नियमात भर घातली की ‘अधिमान’ असेल, म्हणजे स्वतःबद्दलचा अंदाजच जास्त झाला असेल, तर दोष नाही. खोटं बोलणारा आणि स्वतःला जास्त समजून बसलेला, हे दोन वेगळे धरले. तुमचे काका दुसऱ्या प्रकारचे दिसतात.

तिसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. अवस्था खरोखर मिळालेली असली तरी भिक्खूने ती गृहस्थाला किंवा श्रामणेराला, म्हणजे अजून पूर्ण दीक्षा न झालेल्याला, सांगायची नाही. सांगितली तर पाचित्तिय, म्हणजे दुसऱ्या भिक्खूपुढे कबूल करावा लागणारा दोष. खरं असूनही बोलायचं नाही. अहंकार किती आहे हे मोजत बसण्यापेक्षा त्याला खायला घालणारी वाटच बंद केली.

आणि काकांच्या प्रकाशाबद्दल. विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात विपश्यनेचे दहा उपक्लेश, म्हणजे वाटेतले अडथळे, सांगितलेत आणि त्यातला पहिलाच ‘ओभास’ म्हणजे प्रकाश. मग प्रीती, शांती, सुख वगैरे. प्रकाश दिसणं हा दोष नाही, तो साधना लागू लागल्याचं चिन्ह आहे. “असं पूर्वी कधी झालं नव्हतं, म्हणजे मी मार्गफळाला पोचलो” हे मानणं हा घोटाळा. साधक तिथे मूळ काम सोडून प्रकाशाचंच सुख घेत बसतो. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात आर्यमौन असतं, त्याचा एक फायदा हाच की शेजारच्याला काय झालं ते कळत नाही. दहाव्या दिवशी मौन सुटलं की पहिलं वाक्य हमखास ऐकू येतं, “तुम्हाला काय काय जाणवलं?”

सांजवात

मला या धाग्यावर थोडं अस्वस्थ वाटतंय, म्हणून लिहिते.

मी एका साधना केंद्रात काही वर्षं होते. नाव घेत नाही. तिथले प्रमुख म्हणायचे, “मी तुमचा अहंकार मोडतोय.” सगळ्यांसमोर माझ्या नोकरीवर, माझ्या दिसण्यावर बोलायचे. मी रडले तर म्हणायचे, बघा, कच्चं मडकं. हीच गोष्ट सांगायचे, गोरोबाकाकांची. पैशाबद्दल प्रश्न विचारला तोही अहंकार. घरी जायची इच्छा झाली तोही अहंकार. बाहेर पडल्यावर कितीतरी काळ मला स्वतःच्या कुठल्याच मतावर विश्वास ठेवता येईना.

त्यामुळे “ज्याला लागलं तो कच्चा” हे वाचलं की पोटात गोळा येतो. त्या विधवा ताईंनाही लागलंच ना? मग त्या कच्च्या का?

टाळकरी

सांजवात ताई, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. “ज्याला लागलं तो कच्चा” असं सरसकट वाटेल असं मी लिहिलंय, ते तसं घेऊ नये. त्या ताईंना नवऱ्याच्या जाण्याचं दुःख आहे. दुःखावर मारलं की लागणारच. ज्ञानदेवांच्या समाधीच्या वेळी निवृत्तीनाथांची काय अवस्था झाली ते नामदेवांनीच अभंगांत लिहून ठेवलंय. थोरल्या भावाला, गुरूला रडू आवरलं नाही. त्यांना कुणी कच्चं म्हटलं नाही.

मूळ कथेत तीन गोष्टी आहेत ज्या तुमच्या त्या प्रमुखांकडे नव्हत्या. थापटणं सगळ्यांवर पडलं, ज्ञानदेवांवरही. मारणाऱ्याला त्यातून काही मिळायचं नव्हतं, ना पैसा ना शिष्य. गोरोबांनी नामदेवांना आपल्यापाशी ठेवूनही घेतलं नाही. नामदेव उठून गेले, त्यांना कुणी अडवलं नाही. आणि ज्याला मारलं तो मंडळींतला सगळ्यात मानाचा माणूस होता. जिथे वरचा माणूस खालच्यालाच ठोकतो आणि स्वतःच्या डोक्यावर कधी घेत नाही, तिथे गोरोबांचं नाव घेऊ नये.

आवा

आणि आत हात नाही. नुसतं बाहेरून मारलंय. ताई, तुम्ही बाहेर पडलात हे चांगलं केलंत.

सांजवात

धन्यवाद. तीन गोष्टी मी लिहून ठेवल्या. तरी एक शंका उरतेच. आत बसलेल्या माणसाला हे त्या वेळी दिसत नाही. मला सगळं बाहेर पडल्यावर दिसलं. तेव्हा कुणी हीच यादी दिली असती तरी मी म्हटलं असतं, आमचे गुरू वेगळे आहेत.

टाळकरी

याला माझ्याकडे उत्तर नाही, ताई.

ओवीवाचक ताईंच्या कामाचं एक सांगतो. आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात विणा सात दिवस, रात्रंदिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. ज्याच्या गळ्यात विणा, त्याच्या पाया सगळे पडतात, मग तो अठरा वर्षांचा पोरगा का असेना. सत्तरीचे कीर्तनकार त्याच्यापुढे वाकतात. पहारा संपला की दुसरा येतो. आधी येणारा जाणाऱ्याच्या पाया पडतो, मग जाणारा येणाऱ्याच्या. विणा गळ्यातून गळ्यात जाते. ती देऊन झाली की तोच पोरगा पंगतीत वाढायला लागतो आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

मी स्वतः तरुणपणी रात्री दोन ते चारचा पहारा केलाय. ज्या आजोबांना बघून आम्ही बिडी लपवायचो, त्यांनी पायावर डोकं ठेवलं की अंग चोरल्यासारखं होतं. मान मिळतो, पण तो विण्याचा आहे हे शरीरालाच कळतं. नमस्कार बंद करायला सांगितला तर लोक ऐकत नाहीत. तो फिरता ठेवला की कुणा एकापाशी साचत नाही.

रानवाट

आदर्श चित्र आहे. पण वारकऱ्यांतही कुणाची दिंडी पुढे, कुणाला कुठला मान, यावरून रुसवेफुगवे होतात. कीर्तनकारांच्या सुपाऱ्या, हार, फ्लेक्स आहेतच. विणा फिरवून अहंकार गेला असता तर हे का झालं असतं?

टाळकरी

होतात, आणि मी पाहिलेत. विण्याने अहंकार जातो असं मी म्हणत नाही. रात्रीचे दोन तास तो वर येत नाही, एवढंच. जिथे पहारा फिरत नाही, एकाच माणसाचं नाव फ्लेक्सवर येतं, तिथे तो वाढतो. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

ओवीवाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या गुरुवारी काय केलं ते सांगते.

योगायोगाने आमचा तेरावा अध्याय चालू आहे आणि अमानित्व आलंय. आवाताईंचं आणि टाळकरी दादांचं डोक्यात होतं, म्हणून या वेळी ओव्या नेहमीपेक्षा सावकाश वाचल्या. अमानी माणसाला कुणी मान दिला की तो शिकाऱ्याने कोंडलेल्या हरणासारखा कासावीस होतो, असं ज्ञानेश्वर म्हणतात. मग ही ओवी आली: “वाचस्पतीचेनि पाडें । सर्वज्ञता तरी जोडे । परी वेडिवेमाजीं दडे । महिमे भेणें ॥” बृहस्पतीएवढं ज्ञान असलं तरी मोठेपणाच्या भीतीने तो वेडेपणात लपतो. पुढे अदंभित्वात शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो तसा हा आपलं पुण्य झाकतो, असं आहे. दीक्षाभूमीकर दादांनी सांगितलेल्या नियमाचीच आठवण झाली. आणि त्याच अध्यायात पुढे अज्ञानाची लक्षणं येतात तिथे उलटं चित्र आहे: जो मानाची वाट पाहतो, पर्वताच्या शिखरासारखा महत्त्वावरून खाली उतरत नाही, पुण्याचा डांगोरा पिटतो.

काकांकडे बघून काहीच बोलले नाही. फक्त दोन गोष्टी सगळ्यांसाठी म्हणून ठरवल्या. वाचणारा दर आठवड्याला बदलेल, क्रम वर्गणीच्या वहीतल्या नावांप्रमाणे, आणि त्या दिवशी नमस्कार फक्त वाचणाऱ्याला, पोथी हातात असेपर्यंत. स्वतःचे साधनेतले अनुभव सभागृहात कुणीच सांगायचे नाहीत. ज्याला गरज असेल त्याने आपल्या गुरूंना सांगावेत.

काका पहिल्या गोष्टीला लगेच हो म्हणाले. दुसरीला बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अनुभव सांगायचे नाहीत, तर ज्ञानेश्वरांनी आणि तुकोबांनी सांगितले ते काय?” मला उत्तर सुचलं नाही.

दीक्षाभूमीकर

काकांचा प्रश्न वाजवी आहे. आमच्याकडे उत्तर सरळ आहे, भिक्खूने सांगायचं नाही. तुमच्याकडे संतांनी अनुभवाचे अभंग जाहीरपणे गायलेत. थेरगाथा-थेरीगाथांत आमच्याही भिक्खू-भिक्खुणींचे मुक्तीचे उद्गार आहेत, हे मला मान्य करावं लागेल. त्यामुळे कोरडा नियम लावून सुटका होत नाही.

टाळकरी

तुकोबांनी सांगितलं, पण त्याच गाथ्यात स्वतःचे दोषही सांगितलेत, रात्रंदिवस युद्धाचा प्रसंग आहे म्हटलंय. काकांच्या सांगण्यात त्यांचं स्वतःचं कुठलं युद्ध असतं का? असेल तर त्यांनी जरूर सांगावं, मी पहिला ऐकायला येईन. माझं मत तरी हेच.

आवा

मला वाटतं सध्या नियम राहू द्या. अनुभव सांगायला पुढे कितीही दिवस आहेत. त्या दोन ताई परत आल्या का, ते महत्त्वाचं.

ओवीवाचक

एक आल्या, मैत्रीण. यजमान गेलेल्या ताईंना मी घरी जाऊन भेटले, झालेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघते. वहीप्रमाणे पुढच्या गुरुवारी वाचायची पाळी काकांची आहे आणि त्यानंतरची या ताईंची. त्या आल्या तर पोथी काकांनी त्यांच्या हातात द्यायची आहे, टाळकरी दादांनी सांगितलं तसं आधी घेणाऱ्याने वाकायचं आणि मग देणाऱ्याने. हे काकांना आधी सांगून ठेवावं की ऐनवेळी होऊ द्यावं?

सांजवात

आधी सांगा. त्यांनाही आणि त्या ताईंनाही. ऐनवेळी कुणाचीच परीक्षा घेऊ नका.

टाळकरी

सांजवात ताईंशी सहमत. आणि काकांना एकटं गाठून सांगा, सगळ्यांसमोर नको.